साठ अक्षरं, चोवीस तास आणि मामी

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी सव्वासहाला बायकोने मला गदागदा हलवून उठवलं. तिच्या हातात फोन होता आणि चेहरा पांढरा पडला होता. "हे वाच," म्हणाली. पडद्यावर माझ्या भाचीचा गोल फोटो आणि त्याच्या डोक्यावर छोट्याशा फुग्यात चार शब्द: ‘सगळं संपलं. आता झोप.’

भाची पुण्यात इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, होस्टेलवर राहते. आम्ही डोंबिवलीत. बायको पहाटे इन्स्टाग्राम उघडून बसली होती ती कैरीच्या पन्ह्याचं एक रील तिच्या बहिणीला पाठवायला. मेसेज पाठवायचे म्हणून इनबॉक्समध्ये गेली, तर वरच्या ओळीत हे. तिने तिथूनच उत्तर लिहिलं, ‘काय झालं गं? फोन उचल.’ मग फोन लावला. तो वाजत राहिला. नाशिकला ताईला उठवलं, ताईने मेव्हण्यांना. त्यांनी आपलं इन्स्टाग्राम उघडलं तर त्यांना काहीच दिसेना. "पोरीने मला ब्लॉक केलंय," असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि घबराट दुप्पट झाली. शेवटी रूममेटचा नंबर सापडला. भाची जांभया देत फोनवर आली. सबमिशन संपलं होतं. जर्नलवर शेवटची सही झाली होती आणि तीन रात्रींच्या जागरणानंतर ती झोपली होती, एवढंच.

सगळ्यांचं रागावून झाल्यावर तिने एक प्रश्न विचारला. "पण मामी, तुला ती नोट दिसली कशी?"

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. मेव्हण्यांना का दिसली नाही, हेही त्यातच येतं.

इन्स्टाग्रामने ‘नोट्स’ ही सोय डिसेंबर 2022 मध्ये आणली. मेसेजच्या खणात गेलं की सर्वांत वर गोल फोटोंची एक आडवी रांग दिसते. त्यातला डावीकडचा पहिला गोल आपला स्वतःचा. त्यावर बोट ठेवलं की लिहायची जागा उघडते. मर्यादा साठ कॅरेक्टरची, त्यात मोकळ्या जागा आणि स्वल्पविराम धरून. मराठीत लिहिणाऱ्यांनी इथे जरा सावध असावं, कारण संगणकाच्या युनिकोड पद्धतीत काना, मात्रा, वेलांटी आणि पाय मोडायचं चिन्ह यांचा प्रत्येकी वेगळा हिशेब असतो. ‘लक्ष्मी’ आपल्या डोळ्यांना दोन अक्षरं, युनिकोडच्या वहीत सात. तेव्हा शब्द मोजूनमापूनच वापरलेले बरे.

लिहून झालं की ते शब्द आपल्या फोटोच्या डोक्यावर फुग्यात बसतात, व्यंगचित्रातल्या पात्राच्या तोंडचं वाक्य असावं तसे. ज्यांना नोट दिसायची मुभा आहे त्यांच्या इनबॉक्सच्या रांगेत आपला फोटो फुग्यासकट येतो. ती माणसं आपल्या प्रोफाइलवर आली तर तिथेही फोटोजवळ हाच फुगा दिसतो. नोट टाकल्याची घंटी मात्र कुणाच्याही फोनवर वाजत नाही. ज्याला दिसायची त्याला ती केव्हा दिसते, तर तो स्वतःहून मेसेजच्या खणात डोकावतो तेव्हा. बायको डोकावली ती पन्ह्यामुळे.

आता मुख्य मुद्दा: कुणाला दिसते?

नोट लिहिण्याच्या जागेखाली ती कुणासाठी, हे विचारलेलं असतं. पर्याय ठळक दोन. एक Followers you follow back, म्हणजे जे तुम्हाला फॉलो करतात आणि ज्यांना तुम्हीही उलट फॉलो करता ते सगळे. दुसरा Close Friends, म्हणजे तुम्ही स्वतः निवडून केलेली जवळच्या माणसांची यादी. पहिल्या पर्यायाचं नाव वाचताना आपलं लक्ष ‘फॉलोअर्स’ या शब्दावर जातं आणि पुढचे शब्द नजरेतून सुटतात. खरी मेख त्या पुढच्या शब्दांत आहे.

इन्स्टाग्रामवरचं फॉलो करणं एकतर्फी असू शकतं. मी एखाद्या क्रिकेटपटूला फॉलो करतो, त्याला माझं अस्तित्वही ठाऊक नसतं. नोटला असं एकतर्फी नातं चालत नाही, तिला दोन्हीकडून जोडलेली तार लागते. दोन्ही टोकं जोडलेली असतील तरच फुगा दिसतो. खातं खासगी असो की सगळ्यांना खुलं, नियम तोच. लाखभर फॉलोअर असलेल्या एखाद्या गायिकेने पहिल्या पर्यायात नोट टाकली आणि ती स्वतः दोनशेच लोकांना फॉलो करत असेल, तर तिची नोट फार तर त्या दोनशेंना दिसेल. लाखभर चाहत्यांना तिचा पत्ताही लागणार नाही.

भाचीने पुढे एका रविवारी आमच्याकडे बसून आपला हिशेब काढला. ती 412 खात्यांना फॉलो करत होती. त्यातली 120 खाती तिला उलट फॉलो करत नव्हती: नट, खेळाडू, दोन-तीन कॅफे, कपड्यांची दुकानं, परीक्षांची माहिती देणारी पानं. उरली 292. दुसऱ्या बाजूने तिचे फॉलोअर 536. त्यातल्या 244 जणांना तिने कधी उलट फॉलो केलं नव्हतं, म्हणजे पुन्हा 292 च. दोन्हीकडून वजाबाकी जुळली. हे 292 लोक म्हणजे तिच्या नोटचा खरा वाचकवर्ग. तिच्या मनात नोट लिहिताना कोण होतं, असं मी विचारलं. "आमचा ग्रुप. अकरा जण."

अकरा आणि 292 यांच्या मधल्या जागेत शाळेतल्या मुली होत्या, एका उन्हाळी शिबिरात भेटलेले लोक होते, न्यू जर्सीतला मावसभाऊ होता आणि मामी होती. मामीने दोन दिवाळ्यांपूर्वी फराळाच्या ताटाचा फोटो टाकायला खातं उघडलं आणि घरातल्या सगळ्यांना फॉलोच्या विनंत्या पाठवल्या. भाचीने ती स्वीकारली आणि मामी काय म्हणेल या भिडेपोटी उलट फॉलोही केलं. वडिलांची विनंतीही तिने स्वीकारली होती, पण त्यांना उलट फॉलो केलं नव्हतं. वडिलांपाशी कसली आलीय भीड? शिवाय ते काही टाकतही नाहीत. म्हणजे मेव्हण्यांना कुणी ब्लॉक केलेलं नव्हतं. तारेचं एक टोक मोकळं होतं, एवढंच. भाचीने त्या रात्री नोटऐवजी स्टोरी टाकली असती तर ती वडिलांनाही दिसली असती, कारण स्टोरीला फॉलोअर असणं पुरतं.

मला यातलं हे फार गमतीचं वाटतं. नोट कुणाला दिसणार हे आपण लिहिताना ठरवतो असं आपल्याला वाटतं. पहिला पर्याय निवडला तर ते आधीच ठरून गेलेलं असतं, गेल्या चार-पाच वर्षांत ज्या ज्या वेळी कुणाचं मन राखायला आपण ‘फॉलो बॅक’ दाबलं त्या त्या वेळी. लग्नात भेटलेली नवऱ्याकडची चुलत नणंद, सोसायटीचे सेक्रेटरी, जुन्या ऑफिसातला साहेब. सगळे त्या रांगेसमोर उभे असतात.

आणि ते उभे आहेत हे आपल्याला कळत नाही, कारण नोट कुणी पाहिली याची यादी मिळत नाही. स्टोरी टाकली की ती पाहणाऱ्यांची नावं खाली येतात. मामी रोज सकाळी तुमच्या स्टोरीवर हजेरी लावते हे आठवड्याभरात लक्षात येतं आणि माणूस आपोआप सांभाळून टाकू लागतो. नोटच्या बाबतीत कुणी उत्तर दिलं किंवा हृदयाचं चिन्ह दाबलं तरच कळायचं. नुसतं वाचून पुढे गेलेला माणूस अदृश्यच राहतो. या सोयीचा मोकळेपणाही त्यातूनच येतो. किती जणांनी पाहिलं याचा आकडा नसल्यामुळे तो कमी भरल्याची लाज नाही. भाचीच्या वयाची मुलं म्हणूनच इथे काहीही लिहितात, ‘भूक’, ‘उद्या वायवा’, नुसता एक झोपलेला चेहरा. पण श्रोते दिसत नाहीत म्हणून ते नाहीतच असं समजायचं, ही चूकही त्यातूनच होते. सकाळी फोन आला नसता तर मामी आपल्या नोट्स वाचते हे भाचीला आणखी दोन वर्षं कळलं नसतं.

घोटाळा लक्षात आल्यावर तिने पहिला उपाय केला तो उलटा पडला. रांगेतल्या मामीच्या फोटोवर बोट दाबून धरलं आणि नोट्स म्यूट करायचा पर्याय निवडला. आता मामीला माझं काही दिसणार नाही, असं तिला वाटलं. झालं ते एवढंच की मामीच्या नोट्स हिला दिसेनाशा झाल्या. म्यूट करणं म्हणजे आपल्या कानात बोळे घालणं, समोरच्याच्या नव्हे. तुम्ही कुणाला म्यूट केलंत तरी त्याला तुमचं सगळं पूर्वीसारखंच दिसत राहतं, आणि म्यूट केल्याचं त्याला कळतही नाही.

उरले दोन मार्ग. एक, तार तोडायची: मामीला फॉलो करणं बंद करायचं, किंवा आपल्या फॉलोअरच्या यादीतून तिला काढायचं. दोन्ही गोष्टींची सूचना मामीला जात नाही. पण मामी कधीतरी भाचीच्या प्रोफाइलवर जाणार, काहीतरी वेगळं दिसणार आणि मग गणपतीत सगळ्यांसमोर विषय निघणार. ‘मामी सोडून बाकी सगळ्यांना’ असा पर्याय व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला आहे. नोटच्या त्या दोन पर्यायांत तो बसत नाही. दुसरा मार्ग Close Friends चा. त्या यादीत कुणाला घातलं किंवा काढलं तरी कुणाला कळवलं जात नाही, आणि नातेसंबंध जिथल्या तिथे राहतात. भाचीने अकरा जणांची यादी केली आणि पुढची नोट त्या पर्यायात टाकली. सामाजिक दृष्ट्या हा स्वच्छ मार्ग आहे असं माझं मत. फक्त नोट टाकण्याआधी खालचा पर्याय कोणता निवडलेला आहे, तिकडे दरवेळी एक नजर टाकायला हवी.

आता वेळेचं. नोटचं आयुष्य चोवीस तासांचं. ते मध्यरात्री संपत नाही; टाकल्या क्षणापासून मोजलं जातं. भाचीने रात्री नऊ चाळीसला टाकलेली नोट दुसऱ्या रात्री नऊ चाळीसला आपोआप जाणार होती. न्यू जर्सीत तेव्हा दुपारचे बारा दहा झाले होते. मावसभावाने ती जेवणाच्या सुट्टीत वाचली, सबमिशनचं त्याला ठाऊक होतं, त्याने हसरा चेहरा पाठवला आणि कामाला लागला. नोट बारा तासांत जाणारी असती तर बारा तास अलीकडे-पलीकडे झोपणाऱ्या माणसांची चुकामूक झाली असती. चोवीस तासांत पृथ्वीवर कुठेही राहणाऱ्याचा जागेपणीचा एक अख्खा दिवस येतोच.

एका वेळी नोट एकच. दुसरी लिहिली की पहिली जाते आणि घड्याळ नव्याने सुरू होतं. मुदतीआधी काढायची असेल तर आपल्याच फुग्यावर बोट ठेवायचं, Delete note आणि Leave a new note असे पर्याय येतात. त्या सकाळी भाचीने साडेसहाला नोट काढली. तोवर ती जवळपास नऊ तास टांगलेली होती. त्या नऊ तासांत 292 पैकी कितीजण इनबॉक्समध्ये डोकावले, हे कळायला काही मार्ग नाही.

फुगा गेला तरी त्याला आलेली उत्तरं जात नाहीत. नोटला दिलेलं उत्तर फुग्याखाली लटकत नाही, ते साध्या खासगी मेसेजसारखं दोघांच्या संवादात जाऊन पडतं. इतर 291 जणांना ते दिसत नाही, पण त्या दोघांकडे राहतं. मामीचं ‘काय झालं गं? फोन उचल’ आजही भाचीच्या इनबॉक्समध्ये आहे, त्याच्या खाली तिचं ‘सॉरी मामी’ आणि त्याखाली मामीने पाठवलेलं पन्ह्याचं रील. शिवाय चोवीस तासांत कुणी पडद्याचा फोटो काढून ठेवला तर तो त्याच्या फोनमध्ये राहणारच. नोट मिटते ती रांगेतून.

एवढ्या घाईने ती मिटायलाच का हवी, असं मेव्हणे विचारत होते. त्यांना मी त्यांच्याच व्हॉट्सअॅपची आठवण दिली. 2009 मध्ये व्हॉट्सअॅप आलं तेव्हा त्याची मूळ कल्पनाच ही होती की नावापुढे माणसाची त्या वेळची अवस्था दिसावी. त्यासाठी तयार वाक्यं दिलेली असत: Busy, At the movies, Battery about to die. त्या वाक्यांना मुदत नव्हती. परिणाम असा की लोक एकदा काहीतरी निवडत आणि विसरून जात. आमच्या ओळखीचे एक निवृत्त हेडमास्तर कितीतरी वर्षं सिनेमाला गेलेले होते. त्याआधी याहू मेसेंजर आणि गूगल टॉकवरही नावाखाली असंच वाक्य लिहिता यायचं, ऐकत असलेलं गाणं दाखवता यायचं, पण तेव्हा माणूस कॉम्प्युटरवरून उठला की ऑफलाइन व्हायचा आणि वाक्याची वेळ आपोआप संपायची. खिशात फोन आला आणि माणूस कायमचाच ऑनलाइन झाला, तशी ती वाक्यं शिळी होऊ लागली. फेब्रुवारी 2017 मध्ये व्हॉट्सअॅपने ते लिखित स्टेटस काढून त्या जागी चोवीस तासांचं फोटो-स्टेटस आणलं, लोकांनी ओरड केली आणि मार्चमध्ये जुनं वाक्य About या नावाने परत आलं. तेही पुन्हा बिनमुदतीचंच.

इन्स्टाग्रामने एक वेगळा प्रयोगही करून पाहिला होता. 2019 मध्ये जवळच्या मित्रांसाठी ‘थ्रेड्स’ नावाचं अॅप काढलं (आजचं थ्रेड्स ते हे नव्हे). फोनची जागा, हालचाल, बॅटरी यांवरून ते स्वतःच ताडायचं आणि तुम्ही प्रवासात आहात, कॅफेत आहात असं मित्रांना दाखवायचं. ते 2021 अखेर बंद झालं. वर्षभराने नोट्स आल्या, त्यात ताडणं गेलं आणि लिहिण्याचं काम परत माणसाकडे आलं. शिळेपणावर उपाय म्हणून चोवीस तासांची मुदत आली. ‘सगळं संपलं’ हे वाक्य त्या रात्रीपुरतं खरं होतं, पुढच्या आठवड्यात ते फोटोवर राहिलं असतं तर काय गोंधळ झाला असता, ते मेव्हण्यांना पटलं.

नंतर या फुग्यात बरंच काही भरलं गेलं. जून 2023 पासून गाण्याचा तीस सेकंदांचा तुकडा लावता येतो, त्या वर्षाच्या अखेरीस फोटोच्या जागी दोन सेकंदांचा फिरता व्हिडिओ आला. जुलै 2024 मध्ये पोस्ट आणि रीलवर डकवायच्या नोट्सही आल्या, त्यांची मुदत तीन दिवसांची ठेवली होती. इनबॉक्सवरच्या नोटची चोवीस तासांची मुदत मात्र तशीच राहिली.

भाचीच्या नोट्स आता आमच्याकडे दिसत नाहीत. बायकोने विचारलं, मी म्हणालो परीक्षा असेल. दरम्यान तिला स्वतःलाच नोट्स लिहायचा नाद लागला. मागच्या शनिवारी मी बाजारातून आलो तर ताई आणि तिची जाऊ आमच्या दारात उभ्या. "पन्हं झालंय, या, असं लिहिलंय ना हिने," ताई म्हणाली. मी फोन काढला. इनबॉक्स उघडला, रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवली. बायकोचा फोटो त्यात नव्हताच. मी तिला पहिल्या दिवसापासून फॉलो करतो. तेव्हा उरतं एकच कारण.

"अगं, तू मला फॉलो बॅक केलेलंच नाहीस," मी स्वयंपाकघरात जाऊन म्हणालो.

"तू काही टाकतोस का कधी?" ती म्हणाली आणि ग्लास भरायला लागली.